४ जून, १९ जून आणि माझी संथ रेघ

५ जून २०२४ च्या सकाळी मी माझ्याकडचे निफ्टी ईटीएफचे सगळे युनिट विकले आणि ६ जूनच्या सकाळी तेवढेच परत घेतले, ते महाग. या दोन सकाळींमुळे पुढचे पंधरा दिवस रोज रात्री मी एक तक्ता घेऊन बसत होते. त्या तक्त्यातून कळलेलं इथे लिहिते आहे.

मी नागपुरातल्या एका कनिष्ठ महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवते. इंट्राडे किंवा ऑप्शन मी करत नाही. दर महिन्याच्या बचतीतून निफ्टीचं ईटीएफ घ्यायचं, आणि त्यातल्या एका हिश्श्यावर एकच नियम चालवायचा, एवढंच. नियम होता वीस दिवसांच्या साध्या सरासरीचा. संध्याकाळचा बंद भाव सरासरीच्या वर गेला की दुसऱ्या दिवशी सकाळी घ्यायचं, खाली गेला की विकायचं.

१ जूनला एक्झिट पोल आले आणि सोमवारी, ३ जूनला निफ्टी ७३३ पॉइंट वर जाऊन २३,२६४ ला बंद झाला. दुसऱ्या दिवशी लोकसभेचे निकाल लागले आणि तो १,३७९ पॉइंट कोसळला. बंद भाव २१,८८४. माझी वीस दिवसांची सरासरी त्या संध्याकाळी २२,४९८ होती, म्हणजे भाव सहाशे पॉइंट खाली. नियमाप्रमाणे ५ तारखेला सकाळी विकलं. त्याच संध्याकाळी निफ्टी २२,६२० ला बंद झाला आणि सरासरी होती २२,५१४. पुन्हा वर! नियमाप्रमाणे ६ तारखेला घेतलं. ७ तारखेला बंद भाव २३,२९०. चार दिवसांपूर्वी होता जवळपास तिथेच बाजार परत आला होता, मी मात्र मध्ये विकून, पुन्हा घेऊन, दोन्ही वेळची दलाली भरून बसले होते.

नवतपा नुकताच संपला होता, पण घरात कूलरशिवाय बसवत नव्हतं. शेजारचे काका संध्याकाळी आमच्याकडे येऊन बसतात. ते पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले अभियंते आहेत आणि शेअर बाजार माझ्याआधीपासून पाहतात. मी सगळा हिशेब त्यांना दाखवला. त्यांनी आकडे शांतपणे वाचले आणि म्हणाले, "तू काय करून राहिली माहीत आहे का? बाजार सरळ जाऊन राहिला की वळणं घेऊन राहिला, हे न पाहता दोन्हीला एकच पट्टी लावून राहिली."

मग त्यांनी माझ्याच वहीत एक नदी काढली. वरून खाली वळणं घेत जाणारी. "हे समज आपली कन्हान. या गावापासून त्या गावापर्यंत पात्राच्या कडेने मोजलं तर किती, आणि सरळ दोरी लावली तर किती, हे आम्ही मोजायचो. पात्राची लांबी भागिले सरळ अंतर, म्हणजे नदीचा वळणदारपणा. तुझ्या बाजारात हाच भागाकार उलटा करतात."

हा उलटा भागाकार म्हणजेच एफिशिअन्सी रेशो. पेरी कॉफमन या अमेरिकी अभ्यासकाने नव्वदच्या दशकात त्यावर आपली जुळवून घेणारी सरासरी मांडली. चार्टच्या ॲपवर ती KAMA या नावाने दिसते. कल्पना अशी, की दहा दिवसांत भाव सुरुवातीपासून शेवटापर्यंत निव्वळ किती सरकला, याला दहा दिवसांत रोज मिळून किती चालला, याने भागायचं. दहाही दिवस एकाच दिशेने गेला तर उत्तर १. खाली-वर करून जिथून निघाला तिथेच आला तर ०. उत्तर १ च्या जवळ असेल तेव्हा सरासरी भराभर भावामागे धावते, ० च्या जवळ असेल तेव्हा जवळजवळ जागेवर थांबते.

मला हे ऐकताक्षणीच पटलं. माझी वीस दिवसांची सरासरी बाजार कसाही असला तरी वीसच दिवस मोजत होती. संथ करायची म्हणून पन्नास दिवसांची केली असती, तर चांगली सरळ चाल आली असतानाही ती मागेच राहिली असती. इथे वेग किती ठेवायचा ते बाजाराची चालच ठरवत होती.

चार्टवर एका क्लिकमध्ये ती रेघ येते, पण काकांनी ती स्वतः बांधायला लावली. "रेघ कुठून आली ते माहीत नसेल तर ती वागली नाही त्या दिवशी तुला काहीच कळणार नाही," असं त्यांचं म्हणणं. १९ जूनला हे वाक्य शब्दशः खरं ठरलं, ते पुढे येईलच.

एक्सेलमध्ये A रकान्यात तारीख, B मध्ये निफ्टीचा बंद भाव, पहिला भाव दुसऱ्या ओळीत. C मध्ये रोजचा फरक, चिन्ह काढून. मग बाराव्या ओळीपासून हे:

```
C3:  =ABS(B3-B2)
D12: =ABS(B12-B2)/SUM(C3:C12)
E12: =(D12*(2/3-2/31)+2/31)^2
F11: =B11
F12: =F11+E12*(B12-F11)
```

D म्हणजे एफिशिअन्सी रेशो. E मध्ये दोन टोकं आहेत. 2/3 हे दोन दिवसांच्या एक्स्पोनेन्शियल, म्हणजे ताज्या भावाला जास्त मान देणाऱ्या सरासरीचं वजन, 2/31 हे तीस दिवसांच्या. रेशो १ असेल तर पहिलं टोक, ० असेल तर दुसरं, मधला असेल तर त्या प्रमाणात मधलं. त्याचा वर्ग करायचा. F ही रेघ. कालच्या रेघेपासून आजच्या भावापर्यंत जेवढं अंतर आहे, त्याचा E एवढा हिस्सा रेघ आज पुढे जाते. बस्स, इतकंच गणित आहे.

पहिल्या रात्री माझा D रकाना चुकला. मी SUM(C4:C12) लिहिलं होतं, म्हणजे फरक दहा दिवसांचा आणि चाल नऊच दिवसांची. दहा फरकांसाठी अकरा भाव लागतात, हे सुरुवातीला डोक्यात बसत नाही. चूक सापडली ती जूनपर्यंत येण्याआधीच, कारण मे महिन्याच्या एका सलग चढात रेशो १.०७ आला. असं होऊच शकत नाही. सरळ दोरी पात्रापेक्षा लांब कशी असेल? D मध्ये १ पेक्षा मोठा आकडा दिसला की सूत्रातल्या ओळी मोजायच्या, ही खूण तेव्हापासून पक्की झाली.

दुसऱ्या रात्री माझी रेघ चार्टवरच्या रेघेशी जुळेना. माझी सतत भावाला चिकटून, चार्टवरची दूर आणि सपाट. सुरुवातीचा आकडा वेगळा धरला म्हणून असेल असं आधी वाटलं. सुरुवातीचा फरक खरंच राहतो, बाजार घुटमळत असेल तर बराच काळ राहतो, पण एखादी सरळ चाल आली की चार-सहा दिवसांत पुसला जातो. माझा मात्र पुसला जात नव्हता. शेवटी दिसलं, की ^2 लिहायचंच राहिलं होतं.

हा वर्ग शोभेचा नाही. वर्ग केला नाही तर रेघेचा सगळ्यात कमी वेग तीस दिवसांच्या सरासरीएवढा, त्याहून संथ ती होऊच शकत नाही. वर्ग केल्यावर रेशो ० असताना वजन ०.००४ च्या आसपास येतं, म्हणजे साधारण ४८० दिवसांच्या सरासरीएवढी संथ. रेशो १ असताना मात्र साडेतीन दिवसांच्या सरासरीएवढी जलद राहते. म्हणजे वर्गामुळे वरच्या टोकाला थोडं जातं, खालच्या टोकाला मात्र रेघ गोठते. घुटमळत्या बाजारात थांबायचं हे जे काम आहे, ते मुख्यतः या वर्गाचं आहे.

तक्ता नीट झाल्यावर मी मे आणि जूनचे आकडे एकेक करून वाचले. हा भाग मी सावकाश सांगते, कारण माझे डोळे इथेच उघडले.

९ मेला निफ्टी २१,९५७ होता. तिथून तो जवळजवळ रोज थोडा थोडा चढत २३ मेला २२,९६८ ला पोचला. दहा दिवसांत निव्वळ सरकला १,०१० पॉइंट आणि एकूण चालला १,०४५. रेशो ०.९७. कालव्यासारखी सरळ चाल! त्या एका दिवसात रेघ २२,३१६ वरून २२,५८८ वर आली, आणि पुढच्या तीन दिवसांत २२,८२९ पर्यंत पोचली.

मग मेअखेर भाव घसरायला लागला. ३० मेला २२,४८९, रेशो ०.०८. रेघ २२,८०९ वर. त्या दिवशी रेघेची हालचाल फक्त चार पॉइंटची. ३१ मेला तीन पॉइंटची.

आता ४ जून. माझ्या मनात होतं, की एवढा कोसळला म्हणजे रेशो नक्की ०.८ च्या वर गेला असेल. तक्त्यात होता ०.२१. मी तीनदा तपासलं. २१ मेपासून ४ जूनपर्यंत निफ्टी निव्वळ सरकला होता ६४५ पॉइंट, पण चालला होता ३,०७२. आदल्याच दिवशी उलट दिशेची ७३३ ची उडी होती, त्याआधी २३ मेची ३७० ची. म्हणजे रेशोच्या नजरेत ती कोसळ ही नवी दिशा नव्हती, ते आणखी एक मोठं वळण होतं. रेघ आणि भाव यांच्यात त्या दिवशी ९७२ पॉइंटचं अंतर होतं आणि रेघ सरकली ३५ पॉइंट. २२,८५६ वरून २२,८२१. वर्ग विसरले असते तर त्याच अंतरात ती १८५ पॉइंट खाली आली असती.

५ जूनला रेशो ०.००६, रेघ एक पॉइंट हलली. ६ जूनला हललीच नाही. ७ जूनला सहा पॉइंट वर. बाजार २३,२६४ वरून २१,८८४ ला जाऊन २३,२९० ला परत आला, त्या सगळ्या काळात रेघ २२,८२० ते २२,८५६ या छत्तीस पॉइंटांत होती.

हे पाहून मला इतका आनंद झाला की मी रात्री अकरा वाजता काकांना फोन केला. त्यांनी ऐकून घेतलं आणि एकच प्रश्न विचारला, "बरं, मग तुझा जुना नियम या रेघेवर लावला असता तर?"

भाव रेघेच्या वर तर घ्यायचं, खाली तर विकायचं. मी पाहिलं. २९ मेला भाव रेघेखाली. ३ जूनला वर. ४ जूनला खाली. ६ जूनला २२,८२१, म्हणजे रेघेला टेकलेला, वर की खाली हे सांगायला दशांश बघावे लागले असते. ७ जूनला वर. साध्या सरासरीने मला एकदा फसवलं होतं, या रेघेने तर त्याहून जास्त वेळा आत-बाहेर केलं असतं!

कारण उघड होतं. बाजार घुटमळायला लागला की ही रेघ सपाट होते, आणि भाव त्या सपाट रेघेच्या दोन्ही बाजूंना हेलकावे खातो. रेघ जितकी शहाणी, तितके भावाचे तिला छेद जास्त. या सरासरीबद्दल ऐकून लोक उत्साहाने ती लावतात आणि जुनाच छेदाचा नियम चालू ठेवतात. मी त्याच वाटेवर होते. रेघ थांबते हा तिचा गुण छेदाच्या नियमात वाया जातो. तो उपयोगी पडायचा तर भावाकडे न बघता रेघेच्याच वळण्याकडे बघायला हवं.

कॉफमनने यासाठी स्वतःच एक गाळणी सुचवलेली आहे. रेघेचे मागच्या वीस दिवसांतले रोजचे बदल घ्यायचे, त्यांचं प्रमाण विचलन काढायचं, आणि रेघ आपल्या अलीकडच्या तळापासून त्याच्या एका ठरावीक हिश्श्याहून जास्त वर आली तरच घ्यायचं, शिखरापासून तितकी खाली आली तरच विकायचं. किती हिस्सा घ्यायचा ते आपण ठरवायचं. मी पूर्ण एक विचलन धरलं, कारण मला कमी वेळा हलायचं आहे.

```
G13: =F13-F12
H32: =STDEV(G13:G32)
```

४ जूनला हे विचलन ७० पॉइंटच्या आसपास येत होतं. रेघ शिखरापासून उतरली होती ३५. म्हणजे विकायचा इशारा नाही. मेअखेरचा उतार तर २३ पॉइंटचाच होता, तोही गाळला गेला. हा नियम असता तर ५ जूनच्या सकाळी मला काहीच करायचं नव्हतं.

पण त्याच तक्त्यात याची किंमतही लिहिलेली आहे आणि ती मी झाकणार नाही. हाच नियम मेमध्ये घ्यायचा इशारा २३ तारखेला संध्याकाळी देतो, निफ्टी २२,९६८ असताना. माझी जुनी साधी सरासरी १६ मेलाच वर छेदली गेली होती, तेव्हा निफ्टी २२,४०४ होता. साडेपाचशे पॉइंटांचा फरक, आणि तो जुन्या नियमाच्या बाजूने. संथ रेघ उशिरा जागी होते. मे आणि जून जोडून पाहिले तर पारडं कुठे झुकतं हे नेमक्या कोणत्या दिवशी किती भावाला व्यवहार झाला यावर जातं, आणि दोन महिन्यांवरून मी ते ठरवणारही नाही. रेघ बदलली ती आत-बाहेर कमी व्हावं म्हणून, एवढंच मी म्हणते.

आता १९ जून.

तोवर मी रोज संध्याकाळी फक्त एक ओळ भरत होते. ७ जूननंतर बाजार हळूहळू आणि सरळ चढत होता. २३,२५९, २३,२६५, २३,३२३, २३,३९९, २३,४६६. १७ तारखेला ईदची सुट्टी, १८ ला २३,५५८. रेघ मात्र अडून बसलेली. २२,८३२, मग २२,८३८, १८ तारखेला जेमतेम २२,९१२. रेशो त्या दिवशी ०.०९. मला कळेना. इतके दिवस बाजार एका दिशेने चालतो आहे, आणि तक्ता म्हणतो की बाजार घुटमळतोय?

१९ जूनला निफ्टी ४२ पॉइंट खाली आला. २३,५१६. मी ओळ भरली आणि रेशो आला ०.९२. रेघ एका दिवसात २३० पॉइंट उसळून २३,१४२ वर गेली. बाजार किंचित उतरला त्या दिवशी.

माझी पहिली शंका सूत्रावर. ओळी मोजल्या, दहाच होत्या. बंद भाव पुन्हा तपासले, बरोबर. तक्ता चुकला नसेल तर ही रेघच भरवशाची नाही, असं वाटून मी अस्वस्थ झाले. छपाई काढून काकांकडे गेले. ते अंगणातल्या झाडांना पाणी घालत होते. पाईप बाजूला ठेवून त्यांनी C रकान्यावर बोट फिरवलं आणि एका आकड्यावर थांबवलं. १,३७९.

"हे वळण काल तुझ्या पट्ट्यात होतं. आज नाही."

आम्ही तिथेच ओट्यावर बसून हिशेब केला. १८ जूनच्या दहा दिवसांत ३ जूनच्या बंद भावापासूनची मोजणी होती. निव्वळ सरकणं २९४, एकूण चाल ३,११५, आणि त्यातले १,३७९ एकट्या ४ जूनचे. म्हणजे चव्वेचाळीस टक्के वाट एका दिवसाची. १९ जूनला खिडकी एक दिवस पुढे सरकली, ४ जूनची कोसळ बाहेर पडली, आणि मोजणी नेमकी तळापासून, २१,८८४ पासून सुरू झाली. निव्वळ सरकणं १,६३२, एकूण चाल १,७७७. भागाकार ०.९२.

काका म्हणाले, नदीचा सर्व्हे करताना पट्टा एक टप्पा पुढे सरकवला आणि मागचं मोठं वळण पट्ट्याबाहेर गेलं, तर उरलेली नदी कागदावर एकदम सरळ दिसते. नदी रातोरात सरळ होत नाही. वहीत मात्र होते.

या सरासरीची मर्यादा मला त्या ओट्यावर नीट कळली. दहा दिवसांची खिडकी ही चौकट आहे. आतल्या प्रत्येक दिवसाला सारखंच महत्त्व आणि अकराव्या दिवसाला शून्य. त्यामुळे रेघ कधी आजच्या बाजारामुळे वेग बदलते, तर कधी दहा दिवसांपूर्वीचं काहीतरी गळून पडलं म्हणून. रेघेकडे पाहून या दोन्हीत फरक करता येत नाही. १९ जूनची उसळी ज्याने फक्त चार्टवर पाहिली, त्याला वाटलं असेल की आज काहीतरी मोठं घडलं. घडलं होतं ते पंधरवड्यापूर्वी.

आणि याचीच दुसरी बाजू अशी, की एखादी तीव्र कोसळ होऊन बाजार लगेच टोकदार फिरला, तर ही रेघ दहा दिवस आंधळी असते. पाच दिवस उतार, पाच दिवस तितकाच चढ, तर निव्वळ सरकणं शून्य आणि रेशो शून्य. बाजार जोरात धावतोय आणि रेघ ४८० दिवसांच्या वेगाने रांगतेय. ५ ते १८ जूनमध्ये हेच झालं. मी ६ तारखेला परत आत होते म्हणून मला झळ बसली नाही. बाहेर राहून या रेघेच्या परवानगीची वाट पाहत बसले असते, तर १४ तारखेच्या संध्याकाळपर्यंत बसावं लागलं असतं.

खिडकी वीस दिवसांची करून पाहिली. त्यात १,३७९ चा वाटा कमी होतो आणि उसळी लहान होते, पण ते वळण दहा दिवस आणखी पट्ट्यात राहतं आणि रेघ तितकी आणखी उशिरा जागी होते. मी दहावरच परत आले. त्याऐवजी तक्त्यात आणखी एक रकाना वाढवला. आज खिडकीबाहेर पडलेल्या दिवसाचा कालच्या एकूण चालीत किती वाटा होता, एवढंच तो सांगतो.

```
I13: =C3/SUM(C3:C12)
```

दहा दिवस सारखे असतील तर हा आकडा ०.१ च्या आसपास असतो. ०.२५ च्या वर गेला की तो कप्पा नारिंगी होतो, असं लावून ठेवलं आहे. त्या दिवशी रेघेने कितीही मोठी उडी घेतली तरी मी ती इशारा म्हणून धरत नाही, दुसऱ्या दिवसाची ओळ भरेपर्यंत थांबते. पाव हा आकडा माझा आहे, कुठल्या नियमातून आलेला नाही.

१९ जूनच्या ओळीत हा आकडा ०.४४ येतो. काकांच्या सांगण्यावरून मी त्या कप्प्यावर तारीख लिहून ठेवली आहे, ४ जूनची.